उजवा हात

लवू मोहिते सर गेल्यावर परळच्या अभ्यासिकेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा बसवायचं ठरवलं. चाळीस वर्षं सरांनी ती खोली चालवली होती. छत बुटकं, म्हणून पुतळा माणसाच्या पाऊणपट, म्हणजे पंच्याहत्तर टक्के हवा होता. काम लालबागच्या मूर्तिकार मेघनाकडे आलं.

सरांची मापं त्यांच्या मुलाने, गौतमने, ते शेवटचे आजारी असताना घेऊन ठेवली होती. तो दुबईला असायचा. त्याने फोनवरून घाईघाईत सांगितली.

मेघनाचा नवरा अभय कारखान्यात तिच्यासोबतच काम करायचा. तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे घालू लागला.

"अरे, पंच्याहत्तर टक्के म्हणजे पाऊण," ती म्हणाली. "चौथा भाग काढायचा आणि मूळ आकड्यातून वजा करायचा. उंची एकशे चौसष्ट सेंटिमीटर. अर्धे ब्याऐंशी, त्याचे अर्धे एकेचाळीस. एकेचाळीस गेले, राहिले एकशे तेवीस. खांदे चव्वेचाळीस, पाव अकरा, राहिले तेहतीस."

"डावा हात, मनगटापासून मधल्या बोटापर्यंत, वीस."

"पाव पाच. पंधरा."

"उजवा पंधरा."

मेघना थांबली. एका माणसाचे दोन हात एवढे वेगळे? मग तिच्या लक्षात आलं, विसाचं पाऊण पंधराच. गौतमने या एका हाताचं माप आधीच कमी करून सांगितलं असणार. पुन्हा पाव कशाला काढायचा? तिने उजवा हातही पंधराचा केला.

फोटोंत सरांचा उजवा हात कायम खिशात असायचा. मेघनाने तो बाहेर काढला, समोरच्या मुलाला काही समजावत असल्यासारखा, पंजा उघडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हाताच्या चारही बोटांची टोकं जमिनीवर पडलेली होती. आतल्या तारा उघड्या पडल्या होत्या. शाडू लवकर सुकला असेल, म्हणून तिने टोकं नव्याने लावली, वर ओलं फडकं गुंडाळलं. सकाळी फडकं जागेवर, ओलं, आणि टोकं पुन्हा खाली. डाव्या हाताला साधी भेगही नव्हती.

"तार गुळगुळीत असेल," अभय म्हणाला. तिने तारेवर सुतळी गुंडाळली. तरीही तेच. तुटायची जागाही दर वेळी तीच, बोटांच्या मधोमध. मेघना आता पुतळ्याकडे पाठ करून काम करेना. आपण एखाद्याला नको असलेली वस्तू बळेच हातात देतोय, असं तिला वाटायला लागलं होतं.

सरांच्या पत्नी संघमित्राबाई चेहरा बघायला आल्या, तेव्हा तिने नुकतीच बोटं पुन्हा लावली होती. बाईंनी चेहरा बघितला, मान हलवली. मग नजर खाली आली आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"काकी, काय झालं?"

"ही बोटं कुठून आणलीस?"

मेघनाला कळेना.

"गिरणीत गेली होती ती. आमचं लग्न व्हायच्या आधी. मशीनने चारही अर्धी नेली. तुला कोणी सांगितलं नाही?"

अभय हळूच म्हणाला, "मग पंधरा हे खरंच माप होतं."

गौतमने काहीच कमी केलं नव्हतं. वडलांचा हात त्याने जन्मापासून तसाच बघितलेला, त्यात वेगळं सांगण्यासारखं त्याला काय वाटणार? पाऊण काढायचं राहिलं होतं ते तिच्याकडून.

"पंधराचे अर्धे साडेसात," ती पुटपुटली, "त्याचे अर्धे पावणेचार. पंधरातून गेले, सव्वाअकरा." तिने पट्टी लावली. मनगटापासून सव्वाअकरा जिथे भरलं, तिथेच बोटं रोज तुटत होती.

मग मेघना म्हणाली, "काकी, तुम्ही म्हणाल तर राहू देते. माती बदलून बघते. पुतळ्यात तरी हात धड असू दे."

बाई उठल्या. त्यांनी त्या अखंड बोटांवरून आपली बोटं फिरवली, परक्याचा हात हातात आल्यासारखी चटकन मागे घेतली.

"हा हात मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "काप."

मेघनाने तार कापायची पक्कड उचलली. तेवढ्यात बाईंनी पुढे होऊन पुतळ्याचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं, दवाखान्यात जवळच्या माणसाचं धरतात तसं.

"मागच्या वेळी गिरणीत हे एकटेच होते," त्या म्हणाल्या. "आता काप."

चारही तारा तुटल्या. मेघनाने थोटकांवर ओली माती फिरवली, कडा गोल केल्या. बाईंनी मनगट सोडलं नाही.

पुतळा अभ्यासिकेत बसवला. उजवा हात तसाच उघडा, समोर धरलेला.