आत्याच्या नावाची रजा

औषधांच्या त्या गोदामात रजा मिळायची ती फक्त दुःखाला. त्यामुळे कामगारांचे नातेवाईक भराभर आजारी पडत, आणि कारण जरा भक्कम हवं असलं की थेट जातच. एकाचे आजोबा दोनदा गेले होते. मॅनेजरसाहेबांनी दोन्ही वेळा सुस्कारा टाकून सही केली होती.

बिलिंगवालीला मात्र पदवीदान समारंभाला जायचं होतं. परगावी, आणि तेही स्वतःच्या. नोकरी सांभाळून एम.कॉम. झाली होती. शुक्रवारी तिथे पोचून पदवीचा गाऊन ताब्यात घ्यायचा, शनिवारी समारंभ. नेमकी शनिवारीच गोदामात मालमोजणी.

ती अर्ज घेऊन केबिनमध्ये शिरली, तर साहेब चक्क उभे राहिले.

"कळलं मला. आत्या गेल्या म्हणे. दोन्ही दिवस मंजूर. धीर धरा."

तिने काचेबाहेर पाहिलं. डिस्पॅचवरचा 'वकील' डोळे मिचकावत होता. सगळ्यांची वकिली फुकटात करायचा, म्हणून हे नाव.

गप्प राहिली असती तर रजा पदरात पडलीच होती. पण परीक्षेच्या दिवसांत तिला पहाटे हलवून उठवणारी आत्याच पाहुणी म्हणून समारंभाला निघाली होती. नवी चप्पल चावू नये म्हणून चार दिवस ती घरात घालून फिरत होती. तिला मारून मिळवलेल्या रजेवर पदवी घ्यायची?

"साहेब, आत्या ठणठणीत आहे. मला माझ्या पदवीदानाला जायचंय. हक्काची रजा शिल्लक आहे, त्यातली द्या."

साहेब खाली बसले. "म्हणजे मी सकाळपासून उगाच हळहळतोय?"

"आत्याला सांगेन मी. बरं वाटेल तिला."

"अहो, पदवी पोस्टाने येते. माझी आली होती."

"येते की. पण पोस्टमन टाळ्या वाजवत नाही, साहेब."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आणि मालमोजणी?"

"शनिवारी माल बाहेर जाणार नाही, म्हणजे बिलं नाहीत. शुक्रवारची बिलं वकील करेल, माझ्या परीक्षांच्या वेळी तोच करायचा. शनिवारी आकडे लिहून घ्यायला तेवढा माणूस हवा."

साहेबांनी काचेवर टकटक केली. वकील सुतकी चेहरा करून आत आला.

"शनिवारी आकडे तू लिहायचेस."

"साहेब, शनिवारी माझी रजा... मेव्हण्याचं ऑपरेशन..."

"होईल बरा. हिची आत्या तर गेलेली परत आली!"

वकिलाने बिलिंगवालीकडे असं पाहिलं, जणू अशिलानेच उलटी साक्ष दिली.

साहेबांनी अर्ज ओढला. 'स्वतःचा पदवीदान समारंभ' हे कारण दोनदा वाचलं, आणि सुस्कारा न टाकता सही केली.

"फोटो आणा. आणि त्यात आत्याबाई दिसल्या पाहिजेत," ते म्हणाले. "या गोदामात आता माझा कोणाच्याच जगण्यामरण्यावर विश्वास राहिलेला नाही."