भेसळ कागदावरची

देऊळघाटच्या विमलबाईंचा संकरित ज्वारीच्या बियाण्याचा प्लॉट दोन निकषांत नापास झाला, म्हणून रद्द. निरोप मिळताच त्या तडक बुलढाण्याच्या कृषी कार्यालयात शिरल्या.

"शेजारची देशी ज्वारी लई जवळ हाय, हे कबूल," त्या कडाडल्या. "पण भेसळ झाडं म्या एकूणएक उपटली. त्यात नापास काऊन?"

तपासणी करणाऱ्या शेषरावांनी कागद काढला. 'अंतर' नापास होतं, पण त्याच्या कारणाचं प्रवचन रकान्यात न मावता खालच्या 'भेसळ झाडे' या ओळीत घुसलं होतं: 'परागकण येऊन भेसळ होईल.' कारकुनाने तेही नापास धरलं होतं.

"एकच नापास असतं तर फेरतपासणी मिळाली असती," कारकून पुटपुटला.

"मंग माही ज्वारी तुमच्या शाईनं नासवली!"

शेषरावांनी घाईघाईने दुरुस्ती केली. अंतर नापास, कारण 'शेजारी देशी ज्वारी'. भेसळ झाडे पास. मग चूक कशी झाली ते लिहायला त्यांनी खालच्या 'रोग' या ओळीवर पेन टेकवलं.

विमलबाईंनी पेन हिसकावून घेतलं.

"तिथं लिहा अजून! म्हंजे माह्या ज्वारीले आता रोगही लागन!"