चालू नंबर

प्रेमदान चौक ओलांडून स्नेहलची स्कूटी सावेडीच्या आतल्या रस्त्याला लागली, तेव्हा हँडलवरच्या मोबाईलची बॅटरी उतरत आली होती. तिने बॅटरी सेव्हर चालू केलं. रस्ता दाखवायला तिने नेहमीचा नकाशा निवडलेला होता, त्यामुळे डिलिव्हरीचं ॲप मागे पडलेलं. सेव्हरने ते गप्प झोपवलं. ती पुढे निघाली, पण ग्राहकाच्या मोबाईलवर तिची स्कूटी चौकातच उभी राहिली.

बिल्डिंगच्या खाली येऊन तिने ॲप उघडलं. ग्राहकाचे संदेश धडाधडा येऊन पडले. कुठं आहात? गाडी हलत का नाही? फोन करा.

तिने ॲपमधलं फोनचं बटण दाबलं. या बटणाने मधला एक नंबर लागतो, ग्राहकाला रायडरचा नंबर दिसत नाही आणि रायडरला ग्राहकाचा. पण पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई बोलली, नोंदणी केलेल्या नंबरवरूनच फोन करा. आदल्या दिवशी स्नेहलने स्वस्त नेटसाठी दुसरं सिम टाकलं होतं, आणि फोन आता त्यावरून जात होता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तेवढ्यात ग्राहकाने चॅटमध्ये स्वतःचा नंबर टाकला. ‘यावर लावा.’

तिने सवयीने जुन्या सिमवरून तो लावला. आता आपला चालू नंबर, घरच्यांकडे असलेला, त्याच्या पडद्यावर उमटतोय, हा विचार उन्हातान्हात सुचायचा कुठून?

दार उघडणारा माणूस चाळिशीचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. सुश्रुत नाव. “ऊन फार आहे हो, पाणी घेता का?” म्हणाला. तिला बरं वाटलं. पाणी पिऊन ती निघाली.

संध्याकाळी संदेश आला. ‘पोचलीस का घरी?’ दुपारी अहोजाहो होतं, आता अगं-तुगं. तिने उत्तर दिलं नाही. मग, ‘हेल्मेट काढल्यावर फार गोड दिसतेस.’ मग एक फोटो. वरच्या गॅलरीतून काढलेला. स्कूटीच्या डिकीत वाकून पिशवी ठेवणारी ती, पाठमोरी. खाली लिहिलेलं, ‘रोज मागवीन म्हणतो.’

स्नेहलला पाणी दिलेला तो ग्लास आठवला आणि तिने जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली. ओढणीने मोबाईल पुसला. पुसून काय जाणार होतं!

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या ओट्यावर ऑर्डरची वाट बघताना तिने ते कल्याणला दाखवलं. तो तिच्याआधीपासून या कामात होता.

“डायरेक्ट फोन कशाला लावायचा?” कल्याण म्हणाला.

“ॲपमधून लागंना म्हणून लावला. तुला म्या चूक विचारली न्हाई.”

तो वरमला. मोबाईल हातात घेऊन त्याने सेटिंग उघडली. “हे बघ. फोनला पहिलंच सिम ठेव, तेच कंपनीकडं हाय. नेटला दुसरं राहू दे. आन् ॲपला बॅटरीचं बंधन काढून टाक, म्हंजी मागं पडलं तरी झोपायचं न्हाई. नकाशाबी ॲपातलाच लाव.”

तिने ॲपमधून तक्रार केली, त्यावर कंपनीच्या मदतकक्षाचं उत्तर आलं. ॲपबाहेर केलेल्या फोनची जबाबदारी आमची नाही, मात्र या ग्राहकाची ऑर्डर यापुढे आपल्याला येणार नाही. शेवटी ‘आपला दिवस शुभ असो’. त्या माणसाइतकीच या गोड वाक्याची तिला शिसारी आली.

नंबर ब्लॉक करून गप्प बसता आलं असतं. ती त्याच दारात गेली. कल्याण खाली थांबला. दार सुश्रुतच्या बायकोने, यामिनीने उघडलं. स्नेहलने मोबाईल पुढे धरला. यामिनी फोटो बघत राहिली. कडेला तिच्याच गॅलरीचा कठडा होता.

“पण तुमचा नंबर यांच्याकडे आला कसा?” तिने हळूच विचारलं.

“तुमचं जेवान पोचवाया फोन केला, तसा आला.”

आतून सुश्रुत आला. मोबाईल पाहताच त्याचे हात जोडले गेले. “ताई, गैरसमज झाला. ताई, प्लीज, माझी नोकरी…”

काल ‘गोड’ म्हणणाऱ्या तोंडातून ताई! स्नेहलला त्या शब्दाचाच किळसवाणा वास आला. “ताई म्हनू नका,” ती म्हणाली आणि जिना उतरली.

तिथून ती आणि कल्याण सरळ पोलीस ठाण्यात गेली. फोटोसकट तक्रार दिली. सुश्रुतला बोलावणं गेलं, जबाब झाला, फोटो त्याच्या मोबाईलमध्ये सापडला, गुन्हा नोंदला गेला. नोकरीचं काय झालं ते तिने विचारलं नाही.

सावेडीच्या ऑर्डरी ती अजून घेते. फोन ॲपमधूनच लागतो, नंबर कुणाला दिसत नाही. पण कुणी दारात उभं राहून “पाणी घेता का?” विचारलं, की तिचा घसा कोरडा असला तरी ती नको म्हणते.