तीनदा वाचलेले सहा आकडे

खराडीच्या विहीणबाईंनी, हिराताईंनी, नातवाला टॅब दिला, तेव्हापासून कात्रजच्या मुक्ताईंच्या पोटात दुखत होतं. गंधार खीर खायचा कात्रजच्या आजीच्या हातची आणि गुण गायचा खराडीच्या आजीचे.

म्हणून शनिवारी संध्याकाळी तो म्हणाला, "आजी, तुझ्या फोनवर सहा आकडे आलेत, वाच ना," तेव्हा त्या सुखावल्या. त्याचं आपल्यावाचून अडलं तर! गोष्टीच्या पुस्तकासाठी त्यांचं कार्ड टॅबमध्ये आधीच भरलेलं होतं. चष्मा शोधून त्यांनी आकडे वाचले. वरचा मजकूर वाचलाच नाही. असं तीनदा झालं.

सोमवारी सकाळी गंधारच्या बाबानं, विश्वजीतनं, आईचा फोन पाहिला आणि डोक्याला हात लावला. खात्यातून पाच हजार सातशे रुपये गेममधल्या हिऱ्यांना गेले होते. त्यानं आधी कार्ड बंद केलं, मग आईला घेऊन बँक गाठली.

"आजी, ओटीपी कुणाला सांगितलात?" काउंटरवरच्या शेफालीनं विचारलं.

मुक्ताईंच्या तोंडून निघून गेलं, "टॅब आमच्या विहीणबाईंनी दिलेला. त्यांच्याकडेच काहीतरी झालं असणार."

"म्हणजे फसवणूक झाली असं लिहू? मग कुणावर संशय, तेही लागेल. आणि संदेश आलेत तुमच्याच फोनवर."

हिराताईंना कुणीतरी जाब विचारतंय, हे चित्र क्षणभर फार गोड वाटलं. मग त्याच चित्रात टॅब हातात घेतलेला गंधार दिसला.

"मीच वाचून दाखवले," त्या म्हणाल्या.

विश्वजीत म्हणाला, "वा! ओटीपी कुणाला सांगू नको म्हणून किती बजावलं! आणि मला सांगतेस, मुलं ऐकत नाहीत."

"मग बँकेकडून परत मिळणं कठीण," शेफाली म्हणाली. "ओटीपी स्वतःहून दिला की नुकसान आपलंच. पण गेम ज्या ॲप-दुकानातून घेतलाय, तिथं आजच अर्ज करा. अठ्ठेचाळीस तासांच्या आत. खरं तेच लिहा: मुलानं परवानगीशिवाय खरेदी केली. देतीलच असं नाही, पण बऱ्याचदा देतात."

विश्वजीतनं तिथल्या बाकावरच अर्ज भरला.

गुरुवारी उत्तर आलं: पैसे परत, हिरे रद्द. गंधारनं दिवसभर तोंड फुगवलं. खरेदीला आता विश्वजीतचा पासवर्ड लागणार होता. मुक्ताईंनी त्याला खीर दिली, त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

संध्याकाळी हिराताईंचा फोन आला.

"मुक्ताताई, ऐकलं हो. आमच्याकडे मे महिन्यातच झालंय हे. बावीसशे रुपये. मीही आकडे वाचले."

"आणि बोलला नाहीत?"

"कशी बोलणार? बोलले असते तर विश्वजीतरावांनी टॅब काढून घेतला असता. मग गंधार माझ्याकडे कशाला येतोय? तुमच्या खिरीपुढे माझं काय चालतं?"

मुक्ताईंनी फोन ठेवला. खिरीचं कौतुक ऐकून बरं वाटलं. पण मे महिना म्हणजे आपल्याआधी! फसण्यातही बाई पहिलीच.