नियमावलीतली टिफनी

सरोजिनीताईंनी बोळिंजच्या सलूनची दुसरी शाखा विरार पूर्वेला काढायची ठरवली आणि स्टाफची नियमावली लिहायचं काम रोवेनावर सोपवलं. "मन लावून लिही. नव्या शाखेची मॅनेजर कोण, ते त्यावरूनच ठरवीन."

नंदाखाल गावची रोवेना सलून उघडल्यापासूनची. पण लिहायला बसली की डोळ्यांसमोर एकच तोंड यायचं, टिफनीचं. गेल्या दिवाळीत आलेली पोरगी, आणि गिऱ्हाइकं दारातूनच विचारतात, "टिफनी आहे ना?"

टिफनी सव्वादहाला यायची. रोवेनाने लिहिलं : दहा वाजून दहा मिनिटांनंतर लेट मार्क. टिफनीचे केस मोकळे, नखं रंगीत. लिहिलं : केस बांधलेले, नखं कापलेली. टिफनीला गिऱ्हाइकांचे थेट मेसेज यायचे. लिहिलं : मोबाइल लॉकरमध्ये, गिऱ्हाइकाचा नंबर स्वतःकडे ठेवायचा नाही, वेळ रिसेप्शनवरूनच घ्यायची. शेवटी लिहिलं : गिऱ्हाइकांशी मोठ्याने हसू नये.

सरोजिनीताईंनी कागद वाचले आणि चष्मा काढला. "अगं, ही नियमावली आहे की टिफनीचं वर्णन?"

रोवेना म्हणाली, "सगळ्यांसाठीच आहे, ताई."

"मग उशीर होणार असेल तर कळवायचं कुणाला? गिऱ्हाईक अंगावर ओरडलं, नको तिथे हात लावला, तर पोरीने काय करायचं? त्याबद्दल एक ओळ नाही. आणि हसू नये म्हणे! स्मशान आहे का आपलं?"

रोवेनाने लिहिलं : उशिराची खबर दहाच्या आत मॅनेजरला. गिऱ्हाईक गैर वागलं तर काम तिथेच थांबवून मॅनेजरला हाक मारायची. त्या मुलीला पुन्हा त्याच्या खुर्चीपाशी पाठवायचं नाही. हसण्याची ओळ तिने खोडली.

"मोबाइलचा नियम मात्र मला पटला," ताई म्हणाल्या. "तुझ्या फोनमध्ये किती गिऱ्हाइकं आहेत?"

ती सगळी रोवेनाची जुनी गिऱ्हाइकं होती. त्यांच्या लग्नाचे अंबाडे तिने घातले होते, त्यांच्या मुलींचे पहिले केस तिने कापले होते. ती गिऱ्हाइकं फक्त तिलाच फोन करायची.

"जड जात असेल तर तो नियम काढ," ताई म्हणाल्या.

काढला असता, तर टिफनीचा फोन तसाच वाजत राहिला असता.

"राहू दे," रोवेना म्हणाली आणि सगळे नंबर रिसेप्शनवरच्या विनीला देऊन टाकले.

ताई खूश झाल्या. "मॅनेजर अशीच हवी. नियम आधी स्वतःला लावणारी."

टिफनीनेही नंबर दिले, सही केली, आरशात बघत केस वर बांधले. मेली, तशीही छानच दिसत होती.

रोवेना नव्या शाखेच्या चाव्या घेऊन निघाली, तोच विनीने फोन उचलला. "रोवेनाताई? नाही हो, त्या आता विरार पूर्वेला असतात… टिफनी मोकळी आहे, चालेल?"

पलीकडून काय आलं ते रोवेनाला ऐकू आलं नाही. विनी वेळ लिहून घेत होती.