दोनाचा घात

नववीत वरचं गणित घ्यायचं मी ठरवलं, तं शाळेत साऱ्यायच्या भुवया वर गेल्या. दिग्रसच्या आमच्या शाळेत पोट्टे वरचं गणित घेत अन् पोरी गृहविज्ञान. मले नागपूरले सायन्स कॉलेजात जायचं होतं. तिथं गृहविज्ञानातल्या भज्यायले कोण विचारते? माहे बाबा, नागोराव, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले होते. ते फक्त इतकंच म्हणले, तुले झेपते तं घे. झेपते का, हेच तं कोणी पाहू देत नव्हतं.

हेडमास्तरांनी मले गणिताच्या निजामुद्दीन सरांकडे ढकललं. सर तसे भले माणूस, पण वर्गात पाय ठेवल्याबरोबर त्यायनं हातात खडू देल्ला. फळ्यावर लिहिलं, दोनाचा एकोणीसशे चौसष्टावा घात. त्याचा शेवटचा अंक सांगायचा. आला तं बस, नाई आला तं गृहविज्ञान. ते साल एकोणीसशे चौसष्टच होतं, म्हणून त्यायले तोच आकडा सुचला असन. म्हटलं, झाला घात!

एकोणीसशे चौसष्ट वेळा दोन मांडून त्याचा गुणाकार करायचा म्हणजे फळा काय, शाळेच्या साऱ्या भिंती पुरल्या नसत्या. मागून पोट्टे खीखी करून राह्यले होते. मले असा संताप आला का विचारू नका. पण संतापानं हात चालते माहा. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन, असं लिहीत गेली. अन् मधातच थबकली. शेवटचे अंक पाहा ना: दोन, चार, आठ, सहा. पुन्हा दोन, चार, आठ, सहा. पुढं काही वेगळं येऊच शकत नाई, कारण शेवटच्या अंकाची दुप्पट केली का पुढचा शेवटचा अंक ठरते. बाकीचा आकडा केवढाही असो, त्याचं काही चालत नाई. चार-चारची रांग होती ती.

मंग सोपं झालं. एकोणीसशे चौसष्टले चारानं भागलं. भाग गेला चारशे एक्याण्णव, बाकी शून्य.

अन् तिथंच गाडी अडली. बाकी एक असती तं दोन, दोन असती तं चार, तीन असती तं आठ. शून्याले काय? पहिल्या बाकावरचा गुलाबसिंग हुशार पोट्टा. तो म्हणाला, बाकी शून्य म्हणजे दोनाचा शून्यावा घात, म्हणजे उत्तर एक. सारा वर्ग हो ला हो करू लागला. सर खिडकीबाहेर पाहून राह्यले होते. मीही खडू टेकवला, एक लिहायले.

लिहिता लिहिता वरची सारी रांग दिसली. दोन, चार, आठ, सोळा. दोनानं गुणत गेल्यावर विषम आकडा येईन कुठून? एक येऊच शकत नाई! मंग मी चारच घेतला. चारले चारानं भागलं तरी बाकी शून्यच, अन् दोनाचा चौथा घात सोळा. म्हणजे बाकी शून्य याचा अर्थ काही उरलं नाई असा नाई, रांग पुरी झाली असा. पुऱ्या रांगेचा शेवट सहा. मी सहा लिहिलं, इतकं दाबून का खडूच तुटला.

सर वळले. म्हणाले, "बराबर हाये, बेटी. बस."

मी बसली नाई. आता सांगते, मले बसवतच नव्हतं. मी विचारलं, "सर, एक म्हणणाऱ्यायले गृहविज्ञानात पाठवता का?"

गुलाबसिंगची मान खाली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मले वाटलं, गेली माही जागा. पण ते हळूच म्हणाले, "यायले कोणालेच सवाल विचारला नव्हता म्या. तुलेच विचारला. ते बराबर नाई केलं." गुलाबसिंगनं सरकून जागा देल्ली. मी बसली तवा मन असं फुललं होतं का काय सांगू.

दुसऱ्या दिवशी नववीतलीच सत्यशीला दारात उभी राह्यली, तिलेही वरचं गणित पाहिजे होतं. सरांनी फक्त बाक दाखवला.

ती माह्याजवळ येऊन बसली अन् तोंड पाडून कुजबुजली, "मले काहून नाई विचारलं? मी तं तीन, सात, आठ, साऱ्यायच्या रांगा करून आली होती."