विनिताची हळद आणि वरचं वायफाय

विचुंब्यात भावाच्या तीन मजली घराच्या तळाला वेणूला एक खोली होती. बापाच्या जमिनीवरचा तिचा हक्क सोडून घेताना भाऊ म्हादू म्हणाला होता, "ताय, खालची खोली तुझी, वरचा सगला बी तुझाच." वेणूने डोळे मिटून सही केली. नवरा गेलेला, मुलगा लहान. सख्ख्या भावावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

मुलगा प्रणित आता जहाजावर होता. जहाज बंदराला लागलं की तो नेटवरून फोन करायचा. वेणूच्या सिमवर नेट नव्हतं, पण वरच्या मजल्यावरचं वायफाय खोलीत यायचं, तेवढ्यावर भागायचं. आज त्याचा फोन येणार होता. संध्याकाळी जहाज सुटलं की पुढचं बंदर कधी लागेल, देव जाणे.

आणि आज सकाळपासून वायफाय बंद.

वर म्हादूच्या मुलीची, विनिताची हळद होती; पाहुण्यांच्या पोरांनी नेटचा फडशा पाडला म्हणून भाच्याने, हितेशने, पासवर्ड बदलला होता. लग्नाची आठवण म्हणून बहिणीचंच नाव आणि साल ठेवलं होतं आणि वेणूला साधा मेसेज टाकला होता: Vinita2017. वेणूची शाळा सातवीपर्यंतची, पण अक्षरं तिला नीट यायची. मेसेजात होतं तसंच, एकेक अक्षर बघून तिने टाकलं. पासवर्ड चुकीचा. मग ते शून्य आहे की ओ, असं वाटून दोन्ही टाकून बघितलं. चुकीचा. तिने हितेशला फोन लावला. तो पळस्प्याला बर्फ आणायला गेला होता.

"आते, बराबर हाय त्यो. नीट बघून टाक," म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढे डीजे सुरू झाला आणि त्याला कुणाचाच फोन ऐकू येईना. वेणू दारात बसून टाकत राहिली. पाहुण्यांची पोरं जिन्यात बसून मजेत व्हिडिओ बघत होती. त्यांचं चालतं आणि माझंच बरं चालत नाही? तिचं डोकं फिरलं. मला मुद्दाम चुकीचा दिला. सही घेतली, काम झालं, आता बाहेर काढायला सुरुवात.

अंधारून आलं. जहाज सुटलं असणार.

वरून, मांडवातून बोलावणं आलं. वेणू गावची धवलारीण, लग्नाची पारंपरिक गाणी म्हणजे धवले म्हणणारी. तिने धवला म्हटल्याशिवाय हळद लागत नसे. विनिता पाटावर बसली होती, डीजे थांबवला होता, बाया वेणूच्या आवाजाची वाट बघत होत्या.

"मी नाय म्हनायची," वेणू भर मांडवात म्हणाली. "बहिनीला सहीपुरती वापरलीस म्हादू, आनि आज पोराच्या फोनालाबी कुलूप लावलास."

म्हादूचा चेहरा पडला. हितेशने पुढे होऊन तिचा फोन घेतला, लपलेली अक्षरं दिसतील असं केलं आणि कपाळावर हात मारला.

"आते, पयला अक्षर बारीक हाय! मी राऊटरला बारीकच टाकलेला. मेसेजात माझ्या मोबाइलने आपोआप मोठा केला. बाकीच्यांना मी हातानं टाकून दिला, म्हनून कलला नाय."

त्याने बारीक व्ही टाकला. वायफाय लगेच लागलं. बाया खो-खो हसल्या. वेणूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एका अक्षरापायी तिने सख्ख्या भावाला चारचौघांत चोर ठरवलं होतं. तिने म्हादूचे दोन्ही हात धरले.

"म्हादू, चुकला माझा. माफ कर रं."

"जाऊ दे गो ताय," म्हादू म्हणाला. त्याने तिचे डोळेसुद्धा पुसले. "हलदीची येल झाली, म्हन आता."

हितेशने फोन परत तिच्या हातात दिला, तेवढ्यात तो थरथरला. अडकलेले मेसेज एकामागून एक आत आले.

'आये, तुझा फोन लागत नाय.'

'आये, मामाच्या फोनवर केला. मामा म्हनाला तू हलदीच्या गडबडीत हायस, नंतर कर. मी बोललो नंतर जहाज सुटल, फोन खाली नेऊन दे. त्यानं ठेवला.'

'आये, सुटलो.'

वेणूने दोनदा वाचलं आणि फोन म्हादूपुढे धरला. त्याने वाचलं. मान वर केली नाही.

"पाव्हनं आलेलं..." तो पुटपुटला. "तू रडत बसली असतीस, तर धवला कोन म्हननार होता?"

पासवर्ड मुद्दाम चुकवलेला नव्हता. भाचा खरा होता. तिने ज्याची माफी मागितली, तो तेवढा खोटा होता, आणि ती माफी त्याने घेतलीही होती.

पाटावरची विनिता घाबरून आत्याकडे बघत होती. त्या पोरीचा काय गुन्हा? वेणू खाली बसली आणि तिने धवला उचलला. देवांना बोलावलं, गावदेवीला बोलावलं. मग रीतीप्रमाणे घरच्या माणसांची नावं आली. आजा, आजी, आई, भाऊ हितेश. नवरीच्या बापाचं नाव यायचं तिथे वेणू थांबली. बाया मागून ओळ ओढायला तयार होत्या. म्हादू हात जोडून उभा होता.

वेणूने श्वास घेतला आणि त्याचं नाव गाळून पुढचं नाव घेतलं.